शब्दसमूहाबद्दल एक शब्द : संक्षेप आणि विग्रह

मराठी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत, म्हणी आणि वाक्प्रचार यांच्या शेजारी, 'शब्दसमूहाबद्दल एक शब्द' या मथळ्याखाली एक दुहेरी यादी छापलेली असते, आणि तिच्या डाव्या बाजूला 'गुडघ्यापर्यंत हात पोहोचणारा' किंवा 'केलेले उपकार जाणणारा' अशी वर्णने व उजव्या बाजूला 'आजानुबाहू', 'कृतज्ञ' असे शब्द मांडलेले असतात. परीक्षेत कधी डावी बाजू देऊन उजवी विचारली जाते, कधी उजवी देऊन डावी. आणि एक बाजू पाठ असली म्हणजे दुसरी आपोआप आली, असा समज विद्यार्थ्यांत आणि पुष्कळदा शिक्षकांतही दृढ झालेला दिसतो. वस्तुतः या दोन क्रिया एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या नाहीत. वर्णनावरून शब्द सांगताना स्मरणशक्तीची कसोटी लागते, कारण शब्द आधीच भाषेत तयार असतो आणि तो केवळ आठवावा लागतो. उलट शब्दावरून वर्णन सांगताना ते आपल्याला घडवावे लागते, आणि त्यात किती घ्यावे व काय वगळावे याचा निर्णय आपल्या गळ्यात पडतो. तो निर्णय कसा करावा आणि तो चुकला हे कशावरून ओळखावे, हाच या प्रकरणाचा विषय आहे.

संस्कृत वैयाकरणांनी या दोन्ही क्रियांना फार पूर्वी नावे देऊन ठेवली आहेत. अनेक पदांनी मिळून व्यक्त व्हावयाचा अर्थ एकाच पदात सामावून सांगण्याच्या व्यापाराला ते 'वृत्ती' म्हणतात, आणि त्या पदाचा अर्थ पुन्हा सुट्या पदांनी उलगडून दाखविणाऱ्या वाक्याला 'विग्रह'. वृत्तीचे त्यांनी पाच प्रकार मानले : कृत्, तद्धित, समास, एकशेष आणि सनाद्यन्त धातू. यांपैकी एकशेष सोडल्यास बाकीच्या चौघांनीही आपल्या शालेय यादीला भरपूर सामग्री पुरविली आहे. 'केलेले जाणणारा' तो कृतज्ञ, यात धातूला लागणारा कृत् प्रत्यय आहे. 'व्याकरण जाणणारा' तो वैयाकरण आणि 'शिवाची उपासना करणारा' तो शैव, यांत नामाला लागणारा तद्धित प्रत्यय आहे. 'जाणून घेण्याची इच्छा असलेला' तो जिज्ञासू आणि 'मोक्षाची इच्छा असलेला' तो मुमुक्षू, हे शब्द धातूला इच्छेचा अर्थ जोडणाऱ्या सन् प्रत्ययातून आले. आणि 'ज्याला अंत नाही असा' अनंत हा बहुव्रीही समास झाला. शालेय यादीत 'ज्याला', 'ज्याचे', 'ज्याने' अशी संबंधी सर्वनामे घेऊन सुरू होणारी जी असंख्य वर्णने आढळतात, ती दुसरे काही नसून बहुव्रीही समासाचे मराठी विग्रह आहेत. समासाचा धडा ज्याने नीट समजून घेतला आहे त्याला ती यादी निम्मीअधिक पाठ करण्याचे कारण उरत नाही.

'आजानुबाहू' हाच शब्द उलगडून पाहू. जानु म्हणजे गुडघा, बाहू म्हणजे हात, आणि आरंभीचा 'आ' हा 'पर्यंत' या अर्थाचा. तेव्हा 'गुडघ्यापर्यंत आहेत बाहू ज्याचे तो'. हा 'आ' एकदा ओळखला की आजन्म, आमरण, आकंठ, आपादमस्तक, आबालवृद्ध, आसेतुहिमाचल ही सारी कुळी न शिकवता उलगडते. परंतु येथेच एक सूक्ष्म भेद आहे, आणि पाणिनीने तो आपल्या समासप्रकरणात नोंदविला आहे : या 'आ'चा अर्थ कधी मर्यादा असतो, म्हणजे शेवटची वस्तू वगळून तिच्या अलीकडेपर्यंत, आणि कधी अभिविधी असतो, म्हणजे शेवटची वस्तूही धरून. आमरण उपोषण मरणापाशी थांबते. मरण हे काही उपोषणाचा भाग नव्हे. आसेतुहिमाचल पसरलेल्या देशात मात्र सेतूही येतो आणि हिमाचलही, आणि आबालवृद्ध लोक जमले असे म्हणताना मुले व म्हातारी माणसे वगळण्याचा कोणाचा हेतू नसतो. मराठी विग्रहात आपण दोन्हीकडे 'पर्यंत' हाच शब्द घालतो आणि हा भेद वाचणाऱ्याच्या समजुतीवर सोपवितो. पदात जे अस्पष्ट आहे ते विग्रहात स्पष्ट होईलच असे नाही, याचे हे पहिले प्रमाण.

ज्या शब्दांचे घटक असे डोळ्यांपुढे सुटे होतात आणि घटकांचा अर्थ तोच शब्दाचा अर्थ असतो, त्यांना शास्त्रकार यौगिक म्हणतात. त्यांच्या अगदी उलट टोकाला रूढ शब्द असतात, ज्यांचे कितीही तुकडे केले तरी अर्थाचा मागमूस हाती लागत नाही. 'साडू' या शब्दात 'बायकोच्या बहिणीचा नवरा' कोठेही लिहिलेला नाही. तीन नात्यांची साखळी त्या दोन अक्षरांत बसली आहे एवढे खरे, पण ती अक्षरांच्या पोटात शिरून काढता येत नाही. आतेभाऊ हा शब्द आत्याकडे बोट दाखवितो, मावसभाऊ मावशीकडे, मामेभाऊ मामाकडे. जाऊ, नणंद, व्याही, साडू हे मात्र काहीच सांगत नाहीत. 'मुलाचा किंवा मुलीचा सासरा' तो व्याही, हे घरात वाढलेल्या मुलाला कोणी शिकवीत नाही, आणि घराबाहेर मराठी शिकणाऱ्याला ते पाठ केल्याखेरीज येत नाही. गावगाड्यातील वेस, शीव, पार, पेव हे शब्दही बोलणाऱ्याच्या लेखी असेच बंद आहेत. ज्याने पिंपळाभोवती बांधलेला ओटा पाहिला आहे त्याला पार म्हणजे काय हे ठाऊक आहे, आणि ज्याने पाहिला नाही त्याला तो शब्द कितीही वेळ न्याहाळून उमगणार नाही. अशा शब्दांबाबत उलट अभ्यास हा विग्रह नव्हेच. तो वस्तूचे वर्णन करण्याचा अभ्यास आहे, आणि त्यासाठी शब्दाकडे नव्हे, वस्तूकडे पाहावे लागते.

या दोहोंच्या मध्ये जो तिसरा वर्ग आहे तो सर्वांत फसवा, कारण तेथे शब्द उलगडतो खरा, पण उलगडून जे निघते ते त्याच्या आजच्या अर्थाशी जुळत नाही. याला योगरूढ म्हणतात, आणि 'पंकज' हे त्याचे परंपरेने चालत आलेले उदाहरण : पंकात, म्हणजे चिखलात, जन्मलेले ते पंकज, परंतु चिखलात शेवाळही जन्मते, किडेही जन्मतात, आणि त्यांपैकी कोणालाही पंकज म्हणत नाहीत, केवळ कमळाला म्हणतात. म्हणून 'चिखलात जन्मलेले' एवढेच वर्णन देऊन शब्द विचारणारा प्रश्न अपुरा असतो, आणि 'पंकज'चे वर्णन तेवढेच लिहिणारे उत्तरही अपुरे असते. तेल हा शब्द मुळात तिळापासून निघालेल्या पदार्थाचा. पण आपण खोबऱ्याचे तेल म्हणतो, करडईचे म्हणतो, आणि तिळाचे तेल म्हणतानाही पुनरुक्ती होते असे कोणाला वाटत नाही. पीतांबर म्हणजे शब्दशः पिवळे वस्त्र, पण सोवळ्यात नेसावयाचे रेशमी धोतर लाल असले तरी मराठी घरात तो पीतांबरच. आणि सर्वांत दूरचा प्रवास बहुधा 'शुश्रूषा' या शब्दाने केला आहे : तो जिज्ञासेप्रमाणेच इच्छार्थक, आणि त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. गुरूचे ऐकण्याची इच्छा, तिच्यातून गुरूची सेवा, सेवेतून रुग्णाची सेवा, असा तो सरकत आला. आज कोणी व्युत्पत्तीला धरून 'ऐकण्याची इच्छा' याबद्दल एक शब्द म्हणून शुश्रूषा लिहिले, तर ते व्याकरणदृष्ट्या शुद्ध आणि व्यवहारदृष्ट्या निरर्थक ठरेल.

तेव्हा शब्दावरून वर्णन घडविताना पहिला प्रश्न असा विचारावा की हा शब्द या तीन वर्गांपैकी कोणत्या वर्गातला आहे. यौगिक असेल तर विग्रह पुरतो. रूढ असेल तर वस्तू पाहावी. योगरूढ असेल तर विग्रह करून त्याला रूढीने घातलेली मर्यादा जोडावी. यापुढचा प्रश्न मात्र तिन्ही वर्गांना समान आहे : घडविलेले वर्णन त्या वस्तूला, सबंध वस्तूला, आणि त्या वस्तूखेरीज दुसऱ्या कशालाही नाही, असे लागू पडते काय?

या प्रश्नाचे उत्तर तपासण्याची हत्यारे आपल्याकडील नैयायिकांनी फार बारीक घासून ठेवली आहेत. वर्णनाला, त्यांच्या भाषेत लक्षणाला, तीन दोष लागू शकतात, आणि ते समजावून देण्यासाठी ते नेहमी गाईचे उदाहरण घेतात. 'शिंगे असलेला प्राणी ती गाय' असे म्हटले तर म्हैसही त्यात शिरते, बकरीही शिरते, ही अतिव्याप्ती. 'कपिल वर्णाचा प्राणी ती गाय' असे म्हटले तर पांढरी आणि काळी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. आणि 'न चिरलेल्या खुराचा प्राणी ती गाय' असे म्हटले तर एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी जी कातडी, जिला शेतकरी पोळी म्हणतात, तिच्यावर ते गाईचे लक्षण शेवटी उभे करतात. शाळेतील शब्दसमूहांच्या यादीकडे या तीन दोषांच्या दृष्टीने पाहिले की पुष्कळ ओळी डळमळू लागतात.

'केलेले उपकार विसरणारा' तो कृतघ्न, असे सर्रास छापले जाते. पण विसरणे हा स्मृतीचा दोष आहे. वार्धक्याने ज्याची स्मृती गेली त्याला, तो उपकारकर्त्याचे नावही विसरला तरी, कोणी कृतघ्न म्हणणार नाही. म्हणजे वर्णनात अतिव्याप्ती झाली. शब्दाचे घटक पाहिले तर दोष कोठे आहे ते लगेच कळते. शत्रुघ्न म्हणजे शत्रूला मारणारा, कृमिघ्न औषध म्हणजे जंत मारणारे. तसा कृतघ्न म्हणजे केलेले मारणारा, केलेल्या उपकाराचा घात करणारा. 'न जाणणारा' हा अर्थ 'अकृतज्ञ' या सौम्य शब्दाने पुरा होतो. त्याच्याहून तीव्र असा हा दुसरा शब्द मराठीने बाळगला आहे तो, उपकार ठाऊक असूनही जो ते मानीत नाही, किंवा उपकारकर्त्यावरच उलटतो, त्याच्यासाठी. आणि हा भेद मुलांना न शिकविता दोन्ही शब्द एकाच वर्णनापुढे लिहू दिले, तर यादी लहान होते आणि भाषाही. कृतज्ञ व कृतघ्न या दोन शब्दांच्या लेखनात होणारी गल्लतही ज्ञ म्हणजे जाणणारा आणि घ्न म्हणजे मारणारा एवढे सांगितले की थांबते. शुद्धलेखनाचा वेगळा नियम सांगावा लागत नाही.

'ज्याला शत्रू नाही असा' तो अजातशत्रू, हे वर्णनही असेच तपासण्याजोगे आहे. शब्द सांगतो ते 'ज्याचा शत्रू जन्मलाच नाही असा'. आणि महाभारत हे विशेषण लावते ते युधिष्ठिराला, ज्याच्याविरुद्ध कौरवांची अकरा अक्षौहिणी सेना उभी राहिली! शत्रू नसणे हा येथे बाह्य वस्तुस्थितीचा भाग नाही. ज्याच्या स्वभावात वैराला जागा नाही असा तो, हाच अर्थ घेतला तर महाभारतातील प्रयोग बसतो, आणि आज आपण एखाद्या सभ्य सार्वजनिक कार्यकर्त्याला अजातशत्रू म्हणतो तोही बसतो. मगधाच्या राजाचे हेच नाव होते, आणि बौद्ध परंपरेनुसार त्याने आपल्या पित्याला, बिंबिसाराला, बंदिवासात टाकून मारले. पण विशेषनाम झाल्यावर शब्दाचा विग्रह बंधनकारक राहत नाही, म्हणून त्या उदाहरणावरून शब्दाच्या अर्थाविषयी काही सिद्ध होत नाही.

आता एक असे उदाहरण घेतो की ज्यात वर्णनातील चूक एका गुणापुरती राहत नाही. 'दुसऱ्याची जमीन कसणारा' याबद्दल एक शब्द काय, असे विचारले तर खेड्यातला कोणीही मुलगा 'कूळ' असे उत्तर देईल, आणि या दिशेने पाहता ते उत्तर बरोबरच आहे. पण उलट बाजूने जा. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, असे वर्णन लिहिले की त्यात कोण कोण शिरते? जमीनमालकाचा सख्खा भाऊ अविभक्त कुटुंबात राहून शेत नांगरतो, तो शिरतो. रोजंदारीवर आलेला मजूर शिरतो. सालाने ठेवलेला गडी शिरतो. आणि ज्याच्याकडे जमीन ताबेगहाण आहे तो सावकारही, स्वतः नांगर धरीत असला तर, शिरतो. यांपैकी एकालाही व्यवहारात कूळ म्हणत नाहीत. अतिव्याप्ती इतकी मोठी आहे, आणि तरीही बोलण्यात आपले कोठे अडत नाही, कारण बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही त्या गावातली माणसे ठाऊक असतात.

कायद्याला मात्र अशा परस्पर समजुतीवर विसंबता येत नाही, आणि म्हणून 1948 च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने हाच उलट अभ्यास अत्यंत काटेकोरपणे करून दाखविला आहे. त्याच्या चौथ्या कलमाचा आशय असा : दुसऱ्याच्या मालकीची जमीन जो कायदेशीरपणे कसतो त्याला कूळ मानावे, मात्र मालक स्वतः ती जमीन कसत नसला पाहिजे, आणि कसणारा हा मालकाच्या कुटुंबातला नसावा, रोख किंवा वस्तुरूप वेतनावर ठेवलेला नोकर वा मजूर नसावा, आणि ताबेगहाणदार नसावा. आमच्या वर्णनात जे नको ते शिरले होते, ते एकेक करून बाहेर काढले आहेत. 'कायदेशीरपणे' हा एक शब्द आत घालून घुसखोराला वगळले. कुटुंबाचा उल्लेख करून भावाला वगळले. वेतनाचा उल्लेख करून गड्याला आणि मजुराला वगळले. पण येथे मसुदा करणाऱ्याची खरी परीक्षा होती, कारण वस्तुरूप वेतन म्हणताच धान्य आले, आणि धान्य घेऊन शेत कसणारा तर बटाईदारही असतो. त्याला वगळले असते तर कायद्याचा अर्धा हेतूच वाहून गेला असता. म्हणून वस्तुरूप वेतनाला पुन्हा एक अपवाद घातला : ते वेतन पिकाच्या हिश्श्याच्या रूपाने नसावे. ठरावीक चार मण जोंधळे घेणारा गडी हा नोकर राहिला; आलेल्या पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा घेणारा मनुष्य नोकर म्हणून वगळला गेला नाही.

एका पोटवाक्याची ही करामत किती दूरवर पोहोचली ते पाहावयाचे असेल तर त्याच कायद्यातील पुढील दुरुस्ती ध्यानात घ्यावी, जिच्या योगे 1 एप्रिल 1957 हा कृषिदिन ठरला आणि त्या दिवशी, अटी पूर्ण करणाऱ्या कुळाने आपण कसत असलेली जमीन विकत घेतली आहे असे मानले गेले. कूळ या एका शब्दाच्या वर्णनात एखादा मनुष्य आत पडतो की बाहेर, यावर त्याच्या सातबाराच्या उताऱ्यावरील नोंद अवलंबून राहिली. मामलेदार कचेरीत पुरावा झाला तो बहुतांशी याच प्रश्नावर, की अमक्याने दिले ते खंड होते की मजुरी होती, आणि अमका राहतो तो मालकाच्या कुटुंबात की निराळा. आणि हे सर्व होऊनही तो शब्द केवळ या एका अर्थाला बांधला गेला नाही : सावकाराकडून कर्ज घेणारा तोही त्याचे कूळ, आणि कुलदैवत ज्याचे ते घराण्याचे कूळ निराळेच. म्हणून अधिनियमाची भाषा व्याख्यांच्या आधी 'या अधिनियमात' असे बजावून ठेवते. शब्दाचे वर्णन कोणत्या क्षेत्रापुरते खरे आहे ते सांगणे हाही वर्णनाचाच भाग आहे, आणि शालेय यादीत तो नेमका गाळलेला असतो.

क्षेत्राप्रमाणे काळाचीही मर्यादा असते. शिवकालीन दरबारातील वाकनीस हा शब्द फारसी वळणाचा आणि पूर्णपणे यौगिक आहे : वाका म्हणजे घडलेली गोष्ट, नवीस म्हणजे लिहिणारा, 'दरबारातील घडामोडींची नोंद ठेवणारा' हे त्याचे वर्णन शब्दातूनच निघते. त्याच साच्यातला पारसनीस म्हणजे फारसी पत्रव्यवहार लिहिणारा, आणि चिटणीस म्हणजे चिठ्ठ्या लिहिणारा. 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास या हुद्द्यांना संस्कृत नावे देण्यात आली, तेव्हा वाकनीसाला मंत्री हे नाव मिळाले, सुरनीसाला सचिव, मुजुमदाराला अमात्य आणि डबीराला सुमंत. आता मंत्री हा शब्द उलगडला तर मंत्र म्हणजे मसलत आणि मसलत देणारा तो मंत्री, एवढेच निघते; घडामोडींची नोंद त्यातून निघत नाही. हुद्दा तोच, माणूसही तोच, पण एका नावात कामाचे वर्णन आहे आणि दुसऱ्यात नाही. आज मंत्री म्हटले की खाते सांभाळणारा, विधिमंडळाला जबाबदार असलेला लोकप्रतिनिधी डोळ्यांपुढे येतो, आणि पारसनीस व चिटणीस ही आडनावे झाली. म्हणून 'दरबारातील घडामोडींची नोंद ठेवणारा' या वर्णनाबद्दल शिवकालाच्या अभ्यासात मंत्री हे उत्तर ग्राह्य आहे, पण मंत्री या शब्दाचे हे वर्णन आजच्या भाषेत सपशेल चूक आहे. एका दिशेला रस्ता आहे, परतीला नाही, हे इतक्या स्वच्छपणे दाखविणारे दुसरे उदाहरण मला सुचत नाही.

या सर्वांतून एक साधी तपासणी निघते, आणि ती वर्गात सहज करता येते. वर्णनावरून शब्द सुचला की वर्णन झाकून ठेवावे, केवळ शब्दाकडे पाहून नवे वर्णन लिहावे, आणि मग दोन्ही वर्णने शेजारी ठेवावीत. पहिल्या वर्णनात असलेले काही दुसऱ्यात आले नाही तर निवडलेला शब्द फार व्यापक आहे. दुसऱ्यात काही जास्तीचे आले तर शब्द फार संकुचित आहे, किंवा प्रश्नातले वर्णनच अपुरे आहे. एक छोटा उतारा घेऊन हे करून पाहू : 'गावाच्या हद्दीवरील पिंपळाभोवती बांधलेल्या ओट्यावर ती नवऱ्याच्या भावाच्या बायकोसह, पायांत काही न घालता, प्रवासात खाण्यासाठी बरोबर बांधून आणलेले अन्न घेऊन बसली होती.' यादीचा आधार घेऊन संक्षेप केला तर वाक्य होते : 'शिवेवरील पारावर ती जावेसह अनवाणी शिदोरी घेऊन बसली होती.'

आता उलट जाऊ. शिवेवरील, म्हणजे गावाच्या हद्दीवरील, पुरे जुळले. जाऊ, म्हणजे नवऱ्याच्या भावाची बायको. तेही जुळले, आणि भाऊ थोरला की धाकटा हे मूळ वर्णनातही नव्हते व शब्दातही नाही, तेव्हा काही गमावले नाही. शिदोरी जुळली. पार उलगडताना मात्र 'झाडाभोवतीचा बांधलेला ओटा' एवढेच येते. झाड पिंपळाचे होते ही माहिती गळाली, कारण पार वडाभोवतीही असतो. ती माहिती लेखकाला हवी असेल तर 'पिंपळपार' किंवा 'पिंपळाचा पार' असे लिहावे लागेल. आणि अनवाणी हा शब्द अर्थाने जुळत असूनही या वाक्यात अवघडून बसतो, कारण मराठीत माणूस अनवाणी चालतो, अनवाणी येतो, अनवाणी धावत सुटतो. अनवाणी बसल्याचे सहसा कोणी सांगत नाही. वर्णनाशी तंतोतंत जुळणारा शब्दही क्रियापदाशी जुळावा लागतो, आणि ही गोष्ट कोणत्याही दुहेरी यादीत दाखविता येत नाही. म्हणून शब्द निवडल्यावर तो नुसता समोर न लिहिता एका पूर्ण वाक्यात घालून दाखवावा, अशी अट प्रश्नातच घातली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. या वाक्यात 'अनवाणी आलेली ती' अशी रचना केली की शब्द आपल्या जागी बसतो.

शेवटी प्रश्न तयार करणाऱ्याविषयी. त्याच्यावरची जबाबदारी उत्तर देणाऱ्यापेक्षा अधिक आहे, कारण विद्यार्थी पाठ करतो ते त्याचे वर्णन. 'पाणपोई' या शब्दासाठी पुष्कळदा 'पाणी पिण्याची जागा' असे वर्णन दिलेले दिसते. त्यात पाणवठाही येतो आणि घरातला माठ ठेवण्याचा कोनाडाही. 'फुकट पाणी मिळण्याचे ठिकाण' असे म्हटले तर कोनाडा गेला, पण सार्वजनिक विहीर राहिली, कारण तेथेही कोणी पैसे मागत नाही. ज्या वस्तूला पाणपोई म्हणतात तिच्यात पाणी आधीच भरून, पिण्याजोगे करून ठेवलेले असते, ते येणाऱ्या-जाणाऱ्या अनोळखी माणसासाठी असते, आणि ते कोणीतरी धर्मबुद्धीने ठेवलेले असते. शब्दाचा उत्तरार्ध याच अर्थाची साक्ष देतो, कारण 'पोई' हे संस्कृत 'प्रपा'चे झिजलेले रूप आहे. आणि नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याच्या दानांची जी यादी कोरलेली आहे, तिच्यात नद्यांच्या तीरांवर त्याने सभा आणि प्रपा बांधल्याचा उल्लेख सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा 'वाटसरूंसाठी धर्मार्थ पिण्याचे पाणी भरून ठेवलेली जागा' असे वर्णन केले तर पाणवठा, विहीर, कोनाडा आणि पैसे घेऊन पाणी देणारे दुकान ही चारही बाहेर राहतात, आणि एकही पाणपोई बाहेर राहत नाही. आठवड्याच्या बाजारात व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून ठेवलेले रांजण त्यात बसतात की नाही असे कोणी विचारील. बसतात, कारण धर्मार्थ म्हणजे मोबदला न घेता, आणि बाजाराला आलेला मनुष्य हा वाटसरूच.